मिस्ड कॉलची टिक

अक्का, नमस्कार.

मी जळगावची, वय ४१, एका पतसंस्थेत नोकरी. गेल्या वर्षी शुगर बॉर्डरवर आली, तेव्हापासून मोबाइलवर सवयींचं अ‍ॅप वापरते. सात सवयी ठेवल्या आहेत: साडेपाचला उठणं, अर्धा तास चालणं, तीन लिटर पाणी, प्राणायाम, दहा पानं वाचन, गोड बंद आणि आईला रोज फोन (ती अमळनेरला एकटी असते, लवकर झोपते, म्हणून कधी कधी नुसता मिस्ड कॉल दिला तरी टिक करते). सलग ११८ दिवस झाले होते. मग पारोळ्याला लग्नाला गेले, मोबाइल बंद पडला आणि साखळी तुटली. अक्का, मी रडले. पुढचे तीन आठवडे काहीच केलं नाही. आता परत सुरू केलंय, पण बऱ्याचदा रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून चालणं पूर्ण करते. नवरा म्हणतो, तू टिका मारायलाच जगतेस. मुलगी म्हणते, वहीत लिहीत जा. तुम्हीच सांगा, कागद बरा की अ‍ॅप?

– एक वाचक, जळगाव

बाई गं,

तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि त्यातला कंस चार वेळा. अमळनेरची आई तू कंसात टाकलीस आणि मिस्ड कॉलही तिथेच टाकलास, म्हणून मी उत्तर तिथूनच सुरू करते.

रात्रीचे पावणेदहा. म्हातारी बाई आडवी झालेली. उशाशी ठेवलेला फोन वाजतो. ती उठून बसते, चष्मा चाचपते, दिव्याचं बटण शोधते. तोवर दोन रिंगा होऊन फोन गप्प. नाव तुझं दिसतं. एवढ्या रात्री पोरीने का केला असेल? परत लावावा का? जावई, नात, सगळे बरे असतील ना? तू इकडे टिक करून झोपतेस आणि ती तिकडे जागी राहते. माझी आई शेवटची सहा वर्षं अशीच एकटी राहिली, म्हणून मला हे बसल्या जागी दिसतं. मला तुझा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

पहिल्या दिवशी ही ओळ अ‍ॅपमध्ये घातलीस तेव्हा तुझ्या मनात आईच होती, यात मला शंका नाही. मग एका रात्री उशीर झाला. बोलायला वेळ नव्हता, पण सत्तर-ऐंशी दिवसांची साखळी मोडवेना. तेव्हा ‘फोन’ या शब्दाचा अर्थ तू थोडा सैल केलास. एकदा सैल झाला की तो सैलच राहतो. अ‍ॅपला तू नंबर लावलास एवढंच तू सांगणार, पलीकडे कोणी बोललं का हे ते विचारत नाही. मोजणंच ध्येय होऊन बसलं हे ओळखायची खूण हीच: काम आक्रसत जातं आणि टिक मात्र तेवढीच राहते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोबाइलमधली कॉल हिस्टरी उघड. आईच्या नावावर बोट ठेवलंस की प्रत्येक कॉलची वेळ आणि तो किती मिनिटं चालला ते दिसतं. मागे जाता येईल तितकं जा. बारा मिनिटं, नऊ, चार, दीड, आणि मग नुसते शून्याचे कॉल, असं काही दिसलं तर तुझ्या ११८ दिवसांचा खरा हिशेब तो आहे. अ‍ॅपमधला हिरवा रंग नव्हे. इंग्लंडमधले अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली सरकारी आकड्यांबद्दल जे मांडलं, ते तुझ्या हॉलमध्येही लागू पडतं. एखाद्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवली की तो आकडा खरं सांगेनासा होतो.

तेव्हा पहिली आणि माझ्या दृष्टीने एकच गोष्ट: ‘आईला फोन’ ही ओळ आज रात्री अ‍ॅपमधून काढ. वहीत उतरवू नकोस, कॅलेंडरवर लिहू नकोस. ज्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे ते टिकेत मावत नाही. एखाद्या दिवशी राहून गेलं तर राहू दे. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं बोल. दोन दिवसांआड जीव लावून बोललेली लेक कुठल्याही आईला रोजच्या दोन रिंगांपेक्षा प्यारी असते.

आता उरलेल्या सहांचं. त्यांतल्याही चार काढ. शुगर बॉर्डरवर आली म्हणून तू हे सुरू केलंस ना? मग चालणं आणि गोड, एवढ्या दोनच ठेव. पुस्तक वाच, प्राणायाम कर, पहाटे ऊठ, पण ते मोजू नकोस.

या दोन सवयींसाठी मी कागद सांगेन, आणि तोही नवी वही आणून, रंगीत पेनं घेऊन, चौकटी आखून नव्हे. ती आखण्यातच तुझे चार रविवार जातील आणि वही सजवणं ही नवी टिक होऊन बसेल. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे ना, तेच घे. त्यावर आपण दुधाचा हिशेब कसा ठेवतो? दूध आलं त्या दिवशी कोणी काही लिहीत नाही. आलं नाही, त्या दिवशी खाडा मांडतो. महिनाअखेरीस खाडे मोजले की पैशांचा हिशेब झाला. कॅलेंडरवरचा चौकोन भरावा म्हणून आजवर कुठल्या घरात दूध घेतलं गेलं नाही.

चालण्याचंही तसंच कर. चाललीस तर चौकोन कोरा. नाही चाललीस तर ‘खा’ लिही आणि शेजारी दोन शब्दांत कारण: पाहुणे, पाय दुखला, हिशेब जुळला नाही. कोऱ्या चौकोनांची साखळी डोळ्यांत भरत नाही, म्हणून ती तुटल्याचं रडूही येत नाही. आणि जे कारण तू लिहितेस, तेच पुढे उपयोगी पडतं.

माझ्या शेजारणीचं सांगते. तिच्या पहिल्या महिन्यात आठ खाडे पडले. ती म्हणाली, अक्का, माझ्यात चिकाटीच नाही. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून कॅलेंडर बघत होतो. आठांतले पाच सोमवार निघाले आणि पाचही ठिकाणी ‘डोकं दुखलं’ लिहिलेलं. सोमवारी तिचा उपवास. दिवसभर चहावर राहायची आणि संध्याकाळी चालायला निघायची तेव्हा अंगात त्राण नसायचं. तिने सोमवारचं चालणं तेवढं सकाळी घेतलं. पुढच्या महिन्यात तीन खाडे, त्यांत सोमवार एकही नाही. चिकाटीचा प्रश्न नव्हताच, वेळ चुकत होती. साखळी मोजणाऱ्या अ‍ॅपने तिला त्या पाच सोमवारी फक्त शून्य दाखवलं असतं, कारण दाखवलं नसतं.

अ‍ॅप वाईट असतं असं मी म्हणत नाही. पावलं मोजायला, गोळीची वेळ आठवण करून द्यायला मोबाइलच बरा. Loop Habit Tracker सारखं एखादं अ‍ॅप साखळीवर सगळं न ठेवता सवय किती मुरली याचा आकडा दाखवतं आणि एखादा खाडा पडला तर तो आकडा थोडाच उतरतो. ज्यांच्या मनाला आकडा चिकटत नाही त्यांनी ते खुशाल वापरावं. तुझ्या मनाला चिकटतो. ११८ वरून शून्य झालं आणि तू तीन आठवडे घरात बसलीस. शरीरातून त्या एका दिवसाने काही गेलं नव्हतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या होत्या, २००९ साली ते प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला थेट २५४ लागतील असा हिशेब निघाला. मधे एक दिवस चुकला तर सवय मुरण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यांना दिसलं. तुझं नुकसान पारोळ्याच्या लग्नाने केलं नाही, त्यानंतरच्या तीन आठवड्यांनी केलं, आणि ते तीन आठवडे त्या शून्याने करवले.

रात्री अकराच्या येरझाऱ्या आजपासून बंद. त्या शुगरसाठी नाहीत, बारा वाजायच्या आत टिक पडावी म्हणून आहेत. जेवण झाल्यावर रक्तातली साखर चढते, त्याच वेळी पाय चालले तर ती कमी चढते. म्हणून रात्रीचं जेवण आटोपलं की भांडी तशीच ठेव आणि पंधरा मिनिटं गल्लीत चाल. नवऱ्यालाही ने; त्याचं वाक्य तुला लागलं असेल, पण ते खरं आहे. मेहरूणच्या तलावावर जायला जमलं तर रविवारी जा. उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री आठलाही रस्ता तापलेला असतो, तेव्हा थोडं उशिरा निघ, पण अकरा वाजवू नकोस.

आणि हे सगळं कामी येतंय की नाही, ते कॅलेंडरही सांगणार नाही. डॉक्टरांना विचारून दर तीन महिन्यांनी ती एचबीए१सीची तपासणी करत जा. मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी कशी राहिली ते त्यात दिसतं. ५.७ ते ६.४ म्हणजे बॉर्डर. खाडे कमी होऊनही हा आकडा हलला नाही, तर चालणं कमी पडतंय किंवा ताटात काहीतरी चुकतंय, मग ते बघ. खाडे जास्त असूनही उतरला, तर त्या खाड्यांचं मनाला लावून घेऊ नकोस.

आता परत अमळनेर. या शनिवारी अर्धा दिवस सुट्टी काढ. जळगावहून सुरतेकडे जाणारी गाडी धर, धरणगाव गेलं की अमळनेर आलंच. राहायला जा. मोबाइल पर्समध्ये ठेव आणि तिच्या फोनमध्ये तुझ्या नावाचे किती मिस्ड कॉल पडलेत ते तिच्याशेजारी बसून बघ. रात्री तुझा फोन वाजला की तिला काय वाटायचं, ते विचार. ती ‘काही नाही वं’ म्हणून उडवून लावेल. दुसऱ्यांदा विचार.

शनिवारपर्यंत थांबू नकोस मात्र. आज संध्याकाळी सातला, ती चुलीपाशी असेल तेव्हा फोन लाव. ती नेहमीसारखं ‘जेवनी का?’ विचारेल. हो म्हणून ठेवू नकोस. काय भाजी केलीस ते सांग, तिने काय केलं ते विचार, आणि आधी तिला फोन ठेवू दे.

– अक्का