क्लिपा जोडून केलेला चॅनेल आणि ‘Reused content’चा नकार

प्रश्न: माझा बैलगाडा शर्यतीचा यूट्यूब चॅनेल आहे. ४,६०० तास आणि १,००० च्या वर सबस्क्रायबर झाले म्हणून मॉनेटायझेशनला टाकला, तर ‘Reused content’ म्हणून नाकारला. एकही स्ट्राइक नाही. ज्यांच्या क्लिपा घेतो त्यांची व्हॉट्सॲपवर परवानगी आहे, क्रेडिट देतो, प्रत्येक क्लिप एडिट करतो. चुकतंय कुठं? अपील करू का?

उत्तर:

भाऊ, तुमची परवानगी खरी असेल, स्ट्राइक नसेल हेही खरं. पण ते दोन्ही कॉपीराइटचे मुद्दे आहेत आणि तुमचा नकार कॉपीराइटचा नाहीच. ही गल्लत बहुतेक सगळे करतात.

कॉपीराइटचा प्रश्न असा असतो की हा व्हिडिओ वापरायचा हक्क तुम्हाला आहे का. मूळ मालकाने तक्रार केली तर स्ट्राइक येतो, किंवा कंटेंट आयडीतून क्लेम लागून जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे वळतात. त्याने काहीच केलं नाही तर तुमचा व्हिडिओ सुखाने चालू राहतो. तसा तुमचा आजही चालूच आहे, कुणी काढलेला नाही. मॉनेटायझेशनच्या तपासणीत मात्र वेगळंच बघतात: या चॅनेलवर तुम्ही स्वतः काय केलंय? यूट्यूबच्या धोरणात सरळ लिहिलंय की मूळ मालकाची परवानगी असली तरी हा नियम लागू होतो. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत तर वेगवेगळ्या कलाकारांची गाणी त्यांच्या परवानगीने एकत्र केलेली असली तरी ती चालत नाहीत, असं आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या व्हिडिओलाही हीच गत. वापरायला मोकळा, पण नुसता उचलून टाकला तर त्यावर पैसे नाहीत.

यामागचा हिशेब माझ्या समजुतीप्रमाणे साधा आहे. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के यूट्यूब चॅनेलवाल्याला देतं, ते व्हिडिओ बनवल्याबद्दल. आता घाटातल्या एखाद्या जबरदस्त बारीची क्लिप घ्या. उन्हात उभं राहून ती एकाने काढली आणि पंधरा जणांनी जोडून-तोडून टाकली. प्रत्येकाला हिस्सा द्यायचा तर ज्याने काढली त्याचाच प्रेक्षक पंधरा ठिकाणी फुटतो. जाहिरात देणाऱ्यालाही तोच तुकडा पंधरा वेळा विकल्यासारखं होतं.

‘एडिट करतो’ म्हणजे नेमकं काय करता, ते तुम्ही लिहिलं नाही. पण या विषयातले बरेच चॅनेल बघितलेत, म्हणून अंदाज सांगतो. क्लिप आरशासारखी उलटी फिरवायची, थोडी झूम करायची, रंग गडद करायचे, वेग जरा वाढवायचा, खाली पट्टी लावायची, वर हलगीचा ट्रॅक. सुरुवातीला पाच सेकंदांचा फिरता लोगो आणि मध्येच ‘शेवट नक्की बघा’. यातल्या निम्म्या युक्त्या मशीनला क्लिप ओळखता येऊ नये म्हणून निघालेल्या आहेत. इथे मात्र चॅनेल माणूस बघतो, आणि उलटी फिरवलेली क्लिप माणसाला लगेच कळते, कारण गाड्यावरचा नंबर आणि मंडपावरचा बॅनर उलटा दिसतो! ‘दहा सेकंदांपेक्षा कमी घेतलं तर चालतं’, ‘तीस टक्के बदल केला की झालं’ असली मापंही फिरत असतात. धोरणात असं कुठलंही माप नाही. मूळ व्हिडिओ आणि तुमचा व्हिडिओ यांत अर्थपूर्ण फरक आहे का, आणि तो बघणाऱ्याला कळतो का, एवढंच तिथे बघतात.

मी स्वतः एक सोपी चाचणी लावतो. व्हिडिओतून दुसऱ्याचं चित्र काढून टाका आणि उरलेलं ऐका-बघा. तुमच्या कॉम्पिलेशनमधून ते काढलं तर उरतात लोगो, हलगी आणि पट्ट्या.

आता एका ओळखीच्या मुलाची गोष्ट सांगतो, कारण त्याचा चॅनेल जवळपास तुमच्यासारखाच होता. खेड-मंचर भागातला पोरगा, घाटाच्या शर्यती. एकूण ३८ व्हिडिओ, त्यांतले ३१ कॉम्पिलेशन. सगळे मिळून ४,२०० तास, आणि त्यांपैकी ३,१०० तास केवळ पाच कॉम्पिलेशनमधून आलेले. त्याचं म्हणणं होतं, ‘सात व्हिडिओ तर मी स्वतः घाटात जाऊन काढलेत, ते कुणी बघितलेच नाहीत का?’ बघितलेही असतील. पण तपासणारे सगळे व्हिडिओ बघत बसत नाहीत. चॅनेलचा मुख्य विषय, सर्वांत जास्त बघितलेले व्हिडिओ, सर्वांत नवे व्हिडिओ, पाहण्याचे सर्वाधिक तास ज्यांनी आणले ते व्हिडिओ, शिवाय शीर्षकं, थंबनेल, वर्णन आणि चॅनेलची ओळख, असं ते पाहतात. निकालही एकेका व्हिडिओचा नसतो, पूर्ण चॅनेलचा असतो. त्याच्या बाबतीत या सगळ्या ठिकाणी कॉम्पिलेशनच होती.

आणि प्रत्येक वर्णनात शेवटी एक ओळ: ‘सर्व क्रेडिट मूळ मालकांना.’ ही ओळ आपल्याला वाचवते असं त्याला वाटायचं. खरं तर व्हिडिओ दुसऱ्याचा आहे, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं होतं. क्रेडिट जरूर द्या, माणुसकी म्हणून द्या, पण पैशांच्या तपासणीत त्याचा उपयोग नाही.

मग त्याने जी चूक केली ती तुम्ही करू नका. पहिल्या नकारानंतर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो. त्याने दिवस मोजले, मधल्या काळात दोन नवे व्हिडिओ टाकले, बाकी सगळं तसंच ठेवलं आणि एकतिसाव्या दिवशी अर्ज ठोकला. परत नकार. दुसऱ्या नकारापासून पुढे थांबायची मुदत ९० दिवसांची होते. म्हणजे घाईत त्याने तीन महिने घालवले.

त्या तीन महिन्यांत मात्र त्याने डोकं लावलं. धोरणात जे चालतं म्हणून दिलंय, त्यात एक उदाहरण आपल्या विषयाला नेमकं लागू पडतं: स्पर्धेतले क्षण परत दाखवून खेळाडूने काय केलं म्हणून तो जिंकला, हे समजावून सांगणं. घाटाच्या शर्यतीत सांगण्यासारखं भरपूर असतं. चार बैलांची बारी दहा-बारा सेकंदांत संपते, घड्याळावर निकाल लागतो, आणि बघणाऱ्याला कळतच नाही की वेळ कुठे गेला. त्याने अशी एकच बारी घेतली आणि तिचा पाच मिनिटांचा व्हिडिओ केला. दुसऱ्याची क्लिप त्यात होतीच, कारण सुटण्याच्या जागी तो स्वतः उभा नव्हता. पण ती आधी एकदा पूर्ण दाखवली, मग थांबवून थांबवून. पुढे पळणारी घोडी कुठे बाजूला सरकली, जुकाटाची जोडी तिच्यामागे कशी ओढली गेली, धुरेच्या बैलांवर ताण कधी आला, हे बाण काढून स्वतःच्या आवाजात सांगितलं. मग स्वतः काढलेलं निशाणाजवळचं चित्र, आणि शेवटी गाडामालकाशी दोन मिनिटं बोलणं. यातून दुसऱ्याची क्लिप काढून टाकली तरी गाडामालक उरतो, आवाज उरतो, निरीक्षण उरतं.

नुसता आवाज लावला म्हणजे झालं, असंही समजू नका. ‘बघा बघा, काय पळतोय राव!’ एवढंच वर बोलणारे खूप आहेत. कोपऱ्यात स्वतःचा चेहरा ठेवून नुसतं तोंडाचा आ करणं हेही धोरणात न चालणाऱ्यांत येतं. जे चित्रात दिसतंय तेच बोलून दाखवलं तर भर पडली असं कुणी मानणार नाही.

आता जुन्या कॉम्पिलेशनचं काय करायचं? तुम्ही अडकणार ते इथेच. व्हिडिओ डिलीट केला, प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड केला, तर त्याचे तास मॉनेटायझेशनला लागणाऱ्या ४,००० तासांच्या मोजणीतून जातात. त्या पोराने ३१ व्हिडिओ एकदम लपवले असते तर हातात १,१०० तासही राहिले नसते. अर्जच करता आला नसता. उघडे ठेवले तर नकार ठरलेला. म्हणून त्याने आधी नवी कॉम्पिलेशन टाकणं बंद केलं, नव्या पद्धतीचे व्हिडिओ दर आठवड्याला टाकत गेला, आणि नवे तास जमतील तशी जुनी कॉम्पिलेशन लपवत गेला. तास गेल्या १२ महिन्यांचे मोजतात, त्यामुळे जुने तास तसेही गळत असतातच. ९० दिवस संपले तरी त्याने अर्ज केला नाही. आणखी पाच महिने थांबला. अर्ज केला तेव्हा उघडे २६ व्हिडिओ होते, २६ ही त्याचे, आणि सर्वांत जास्त बघितलेले पाचही नवेच. तेव्हा मंजूर झालं.

शॉर्ट्स टाकून तास भरून काढू म्हणाल तर शॉर्ट्स फीडमधली पाहणी या ४,००० तासांत धरत नाहीत. शिवाय दुसऱ्याचे शॉर्ट्स जसेच्या तसे टाकले तर त्यांचे व्ह्यूज पैशांच्या वाटपातही धरत नाहीत.

अपीलबद्दल. नकारानंतर २१ दिवसांत ते करता येतं. व्हिडिओ देऊनही करता येतं: पाच मिनिटांच्या आतला, अनलिस्टेड, पहिल्या ३० सेकंदांत चॅनेलची लिंक दिसली पाहिजे, आणि व्हिडिओ तुम्ही कसे बनवता ते कामासकट दाखवायचं. कॅमेरा, एडिटिंगची टाइमलाइन, रेकॉर्डिंग. ज्यांचं काम खरंच स्वतःचं आहे आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलंय, त्यांच्यासाठी ही सोय आहे. तुम्ही त्या व्हिडिओत काय दाखवणार? टाइमलाइन उघडली की ओळीने चौदा डाउनलोड केलेल्या फाइली दिसणार. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट तिथे लावू नका, वर सांगितलं तसं परवानगीचा तिथे प्रश्नच नाही. तुमच्या जागी मी असतो तर अपीलच्या भानगडीत पडलो नसतो.

त्यापेक्षा आज यूट्यूब स्टुडिओत जाऊन गेल्या ३६५ दिवसांचे व्हिडिओ पाहण्याच्या तासांप्रमाणे लावा. वरच्या दहांत तुमचे स्वतःचे किती आहेत आणि त्यांचे तास किती, हे दोन आकडे इथे टाका. मग कुठलं कॉम्पिलेशन आधी लपवायचं ते बसून ठरवू. बैलाला मारतानाच्या, काठी टोचतानाच्या क्लिपा असतील तर त्या आकड्यांची वाट न बघता आजच काढा, त्यांचा त्रास वेगळा आहे आणि तो मंजुरीनंतरही जात नाही.