सीट विकत घेतली, तरी लायसन्स दिसत नाही

प्रश्न: आमच्या ऑफिसने मायक्रोसॉफ्ट ३६५ ची नवीन सीट घेतली, पैसे भरले, बिलही आलं. पण नवीन माणसाने लॉगिन केलं की लायसन्सच नाही असं दाखवतंय. चूक कुठे असेल?

आधी त्या माणसाच्या लॅपटॉपला हात लावू नका. ऑफिस काढून परत टाकण्यात अर्धा दिवस जातो आणि बहुतेक वेळा दुखणं तिथे नसतंच. admin.microsoft.com वर अॅडमिनच्या आयडीने जा, Billing मध्ये Licenses उघडा आणि फक्त दोन आकडे बघा: एकूण किती आणि वाटलेली किती.

एकूण आकडा वाढलाय आणि एखादी सीट शिल्लक दिसतेय, तर सीट आली आहे, फक्त कुणाच्या नावावर लावलेली नाही. पैसे भरले की सीट कंपनीच्या खात्यात जमा होते, माणसाला आपोआप मिळत नाही. Active users मध्ये त्याचं नाव उघडा, Licenses and apps मध्ये देश India असल्याची खात्री करा, लायसन्सवर टिक करा आणि सेव्ह करा. देश रिकामा असेल तर लायसन्स लागत नाही. मग त्याला वर्डमधून साइन आउट करून परत आत यायला सांगा. तुमच्याकडे लायसन्स ग्रुपवरून लागत असतील तर एक खोच आहे: तो माणूस थेट त्या ग्रुपमध्ये हवा. ग्रुपच्या आतल्या ग्रुपमध्ये असेल तर त्याला काहीच मिळत नाही.

पण एकूण आकडा वाढलाच नसेल, तर खरी गंमत पुढे आहे.

मी अंधेरीत सहार कार्गोजवळच्या एका क्लिअरिंग एजंटकडे आयटी बघतो. आमच्या १८ सीटा होत्या, आणखी ४ हव्या होत्या. दर थोडा कमी मिळाला म्हणून साहेबांनी या वेळी दुसऱ्या डीलरकडून घेतल्या. बुधवारी पैसे गेले. सोमवारी चार नवीन पोरं जॉइन झाली आणि चौघांनाही लायसन्स नाही. मी आकडा बघितला तर १८ पैकी १८. डीलरला फोन केला तर तो म्हणतो, “सर, माझ्याकडे तर ॲक्टिव्ह दिसतंय.” दोघंही खरं बोलत होतो.

अकाउंट्समधल्या ताईंना डीलरची मेल शोधायला लावली. ऑर्डरखाली जे onmicrosoft.com वालं नाव होतं, त्यात आमच्या नावाला शेवटी २ चिकटवलेला होता. डीलरने आम्हाला नवीन गिऱ्हाईक समजून आमच्यासाठी नवा टेनंट, म्हणजे कंपनीचं वेगळंच खातं, उघडलं होतं आणि चारही सीटा त्यात टाकल्या होत्या. onmicrosoft.com वालं एक नाव एकाच टेनंटला मिळतं आणि आमचं नाव आधीच जुन्या टेनंटकडे होतं, म्हणून त्याला ते २ लावावं लागलं. घर एका बिल्डिंगमध्ये आणि गॅसचं कनेक्शन शेजारच्या बिल्डिंगमध्ये, तसला प्रकार.

सीटा एका टेनंटमधून दुसऱ्यात हलवता येत नाहीत. चुकीच्या जागच्या रद्द करायच्या आणि बरोबर जागी नव्याने घ्यायच्या, एवढंच. डीलरमार्फत घेतलेल्या अशा सीटा रद्द करायला खरेदीपासून ७ दिवस मिळतात. त्यानंतर वार्षिक करार असेल तर वर्षाचे पैसे अडकले. आमच्याकडे दोनच दिवस उरले होते, म्हणून फोनवर न थांबता त्याच दुपारी मेल टाकली: अमुक टेनंटमधल्या चार सीटा आजच रद्द करा. सोबत आमचा टेनंट आयडी दिला. तो entra.microsoft.com च्या Overview पानावर मिळतो, लांबलचक आकडे-अक्षरांचा असतो, टाइप करू नका, कॉपी करा. मग डीलरने आम्हाला एक लिंक पाठवली, ती मी अॅडमिनने उघडून मंजूर केली आणि तो आमच्या टेनंटशी जोडला गेला. खरं तर हे पैसे भरायच्या आधीच व्हायला हवं होतं.

नव्या सीटा यायच्या आत एका पोराची सोय जुन्यातच झाली. एक जण मार्चमध्ये नोकरी सोडून गेला होता, त्याचं लॉगिन आम्ही ब्लॉक केलं होतं, पण ब्लॉक केल्याने लायसन्स सुटत नाही. तो घरी, त्याची सीट मात्र आमच्याकडे चालू. त्याचा मेलबॉक्स आधी शेअर्ड केला, मगच लायसन्स काढलं. हा क्रम उलटा केलात आणि नंतर विसरलात, तर ३० दिवसांनी मेल जातात.

तेव्हा तुमचा एकूण आकडा सांगा आणि ऑर्डरच्या मेलमधलं ते onmicrosoft.com वालं नाव तुमच्या अॅडमिन पानावरच्या नावाशी जुळतंय का ते बघा. खरेदी ७ दिवसांच्या आतली असेल तर हे आजच करा.