शिमगा, होळी आणि निवेदनातला ‘इतिहास’

“गोरेगावच्या आमच्या सोसायटीच्या होळीचं निवेदन लिहितेय. ‘होळीचा इतिहास असा, की होलिका प्रल्हादाला मांडीवर घेऊन आगीत बसली’ अशी सुरुवात केलीय. सासूबाई म्हणतात, होळी नको, शिमगा म्हण. स्टेजवर तो शब्द बरा दिसेल का?”

आधी तो ‘इतिहास’ खोडा. फेब्रुवारी उजाडला की मुंबईभर माइकवरून हाच ‘इतिहास’ ऐकू येतो. ती पुराणकथा आहे. ‘परंपरेने असं सांगतात’ एवढं पुरे.

आता शिमगा. हेमचंद्राच्या ‘देशीनाममाला’ या जुन्या प्राकृत शब्दकोशात फाल्गुनातल्या या उत्सवाला ‘सुगिम्हअ’ म्हटलंय. संस्कृतात सुग्रीष्मक, म्हणजे उन्हाळ्याची चाहूल देणारा सण. ‘ग्रीष्म’चं प्राकृतात ‘गिम्ह’ होतं. गोव्यात ‘शिगमो’ म्हणतात, तिथे ग आधी, म नंतर, जुना क्रम शाबूत. मराठीने त्यांची अदलाबदल केली, नुकसानाचं ‘नुसकान’ होतं तशी. ‘सु’चा ‘शि’ कसा झाला? शेजारच्या ‘गि’मुळे, असं व्याकरणवाले म्हणतील. मला मात्र त्यात शिशिर दिसतो. फाल्गुन शिशिरातच येतो. जाणाऱ्या ऋतूने येणाऱ्या ऋतूच्या नावाला आपलं पहिलं अक्षर चिकटवून दिलं! पुरावा नाही, पण मी हे सोडणार नाही. गावाच्या सीमेवर होळी पेटते म्हणून ‘सीमगा’, असं सांगणाऱ्या विद्वानांनी एकदा शिगमोतला ‘ग’ मधे कसा गेला ते सांगावं.

कथेकडे वळू. होलिकेची गोष्ट उत्तरेत घट्ट रुजलेली. भागवतात प्रल्हाद आहे, त्याचा छळ आहे, पण मांडीवर घेऊन आगीत बसणारी होलिका नाही. तमिळनाडूत शंकराने कामदेवाला जाळलं ती गोष्ट सांगतात. बंगालात राधाकृष्णाची दोलयात्रा. आपल्या बोंबेला मात्र यातली एकही कथा पुरत नाही. तिला लागते भविष्योत्तर पुराणातली ढुंढा. रघुराजाच्या राज्यात ही राक्षसी मुलांना पीडते. शंकराच्या वरामुळे शस्त्राने ती मरत नाही. मग उपाय सांगितला जातो: लाकडं-गोवऱ्या रचून पेटवा, तीन प्रदक्षिणा घाला, गा, हसा, मनाला येईल ते बेधडक बोला. त्या गोंगाटानेच ती हरते. होळीभोवती पालथ्या हाताने बोंब मारणाऱ्या पोरांना आपण दटावतो, पण या कथेत तीच पोरं हत्यार आहेत. होलिकेच्या कथेत बोंबेला जागाच नाही.

म्हणून असं लिहा: “परंपरेने सांगतात, की ढुंढा नावाची राक्षसी मुलांना छळत असे, पोरांनी आग पेटवून, आरडाओरडा करून तिला पळवलं. उत्तरेत हीच होळी होलिका-प्रल्हादाची, तमिळनाडूत कामदहनाची.” ‘खरी कथा अशी’ कुठेही नको. त्यातल्या एकीला ‘मूळ’ म्हणालात, तर मागच्या रांगेतले तमिळ काका उठून उभे राहतील, आणि त्यांचं बरोबर असेल. हे बोलून झालं की पोरांना बोंब मारायला सांगा. माइक तेवढा लांब धरा.