ट्रॅफिकच्या वैतागावरून बोलणं पुढं कसं न्यायचं?

प्रश्न: ऑफिसातली एक मुलगी आवडते. दोघंही कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरच्या ट्रॅफिकला वैतागलोय. त्यावरून बोलणं पुढं कसं न्यायचं?

उत्तर: तक्रार लहान आणि नेमकी ठेवा. "किती ट्रॅफिक ना!" याला "हो ना" एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी म्हणा, "आज स्टँडमधून निघालेली एसटी अशी आडवी लागली, की सिग्नल दोनदा हिरवा होऊनही मी तिथंच." आता तिला स्वतःचं काहीतरी सांगता येतं. ती म्हणाली, "माझ्यापुढं तर वडाप थांबलेलं", तर तुमचं गाऱ्हाणं वरचढ करू नका. तिचंच उचला: "मग आजचा मान तुमचा. उद्या ज्याला जास्त उशीर, त्याला दुसऱ्यानं चहा पाजायचा." छेडछाड ट्रॅफिकची, तिची नाही, खरी गंमत इथंच आहे. तिच्या गाडी चालवण्यावर किंवा उशिरा येण्यावर बोललात, की ते टोमण्यासारखं लागतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून "आज कोण जिंकलं?" विचारलं, तर चहाला चला आणि तिथं ट्रॅफिक सोडून रविवारच्या बेताबद्दल विचारा. रोज तेच रडगाणं लावलं, तर माणूस कुरकुऱ्या वाटतो. साहेबांबद्दलची तक्रार तर नकोच, ती फिरून त्यांच्या कानावर जाते.

ती स्क्रीनकडं बघत नुसतं "हं" म्हणाली, तर तिथंच थांबा. पुन्हा तसंच झालं, तर चहाचा विषय काढू नका. "अहो-जाहो"वरून "अगं"वर यायचं, तेही तिनं आधी "अरे" म्हटल्यावरच.