कागदपत्रांआधी तीन प्रश्न

रत्नागिरीत राहून नोकरी शोधताना रिक्रूटरने फोनवर ‘लोकेशन मुंबई, हायब्रिड’ असे सांगितले, की तेवढ्यावर आधार, पॅन आणि पगारपत्रके पाठवू नका. त्या टप्प्यावर बायोडेटा पुरेसा असतो. मुंबई म्हणजे अंधेरी, ऐरोली की ग्राहक कंपनीचे पुण्यातील कार्यालय, हे प्रथम ईमेलने विचारा, कारण नेमणूकपत्रात येणारे ठिकाण आणि रोज बसण्याचे ठिकाण पुष्कळदा वेगळे असते.

हायब्रिडबाबत मी स्वतः फसलो होतो. मला ‘महिन्यातून आठ दिवस’ सांगितले गेले. ते सलग असतील, म्हणजे कोकण रेल्वेने जाऊन नातेवाइकांकडे राहता येईल, असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात दर आठवड्याला मंगळवार आणि गुरुवार ठरलेले निघाले, त्यामुळे खोली भाड्याने घ्यावी लागली आणि पगारातील वाढ तिच्यातच संपली. म्हणून दिवस किती, ते कोण ठरवते आणि प्रोबेशनमध्येही तीच सवलत असते का, हे तिन्ही विचारा.

बदलीविषयी ‘सहसा होत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘भारतातील कोणत्याही कार्यालयात बदली होऊ शकते’ असे कलम नेमणूकपत्रात पुष्कळदा आढळते. तेव्हा पूर्वसूचना किती दिवसांची आणि स्थलांतराचा खर्च कोणाचा, एवढे लेखी मागा. रिक्रूटर बाहेरच्या एजन्सीचा असेल, तर ‘एचआरला विचारून सांगतो’ हे प्रामाणिक उत्तर समजावे. मात्र उत्तर टाळून ‘आजच आधार पाठवा’ असा तगादा लावला, तर तिथेच थांबावे.