पोटकंत्राट, हस्तांतरण आणि नियंत्रणबदल

प्रश्न: अंबडला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. जोखीम तपासणीसाठी पुरवठादारांच्या करारांतून सबकॉन्ट्रॅक्टिंग, असाइनमेंट आणि चेंज ऑफ कंट्रोल ही कलमं काढून मराठीत तक्ता करतोय. तिन्हींसाठी ‘हस्तांतरण’ असा एकच रकाना ठेवला तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार, कारण तिन्हींत बदलणारी गोष्ट निराळी आहे. सबकॉन्ट्रॅक्टिंगमध्ये करारावरचं नाव तेच राहतं, काम मात्र दुसऱ्याच्या हातून होतं. असाइनमेंटमध्ये करारातले हक्क दुसऱ्याच्या नावावर जातात. चेंज ऑफ कंट्रोलमध्ये नावही तेच आणि कामगारही तेच, पण कंपनी चालवणारा बदलतो. म्हणून तीन रकाने ठेवा: पोटकंत्राट, हस्तांतरण, नियंत्रणबदल.

कायद्याच्या मराठीत असाइनमेंटला ‘अभिहस्तांकन’ म्हणतात. मसुद्यात तो शब्द योग्यच आहे, पण खरेदी विभागाच्या तक्त्यात ‘हस्तांतरण’ सगळ्यांना कळेल. तिसऱ्या रकान्याला ‘मालकीबदल’ मात्र म्हणू नका. कंपनी कायदा, 2013 मधल्या व्याख्येनुसार बहुसंख्य संचालक नेमण्याचा किंवा धोरण ठरवण्याचा हक्क म्हणजे नियंत्रण, आणि तो हक्क भागधारकांमधल्या नुसत्या करारानेही मिळू शकतो. म्हणजे निम्मे शेअर न विकताही नियंत्रण दुसऱ्याकडे जातं. ‘मालकीबदल’ वाचणारा फक्त शेअरची टक्केवारी बघेल आणि हा बदल त्याच्या नजरेतून सुटेल.

एक उदाहरण घेऊ. सिन्नरचा एक पुरवठादार तुम्हाला हीट ट्रीटमेंट करून देतो आणि करारात एवढंच लिहिलंय: “लेखी पूर्वसंमतीशिवाय पुरवठादाराने हा करार हस्तांतरित करू नये, मात्र समूहातील कंपनीला हस्तांतरित करण्यास संमती लागणार नाही.” आता त्या कंपनीचे साठ टक्के शेअर तुमच्या स्पर्धकाने घेतले, तर हे कलम लागू होतं का? साधारणपणे नाही. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. शेअर कोणाकडेही गेले तरी करार करणारी ‘व्यक्ती’ तीच राहते, त्यामुळे हस्तांतरण झालेलंच नसतं. तुमची ड्रॉइंग स्पर्धकाच्या हाताखाली गेली तरी या कलमाच्या आधारे करार मोडता येणार नाही. शेअर न विकता पुरवठादाराने सिन्नरचं युनिटच चालू धंद्यासकट विकलं, तर मात्र संमती लागेल. विलीनीकरण या दोन्हींच्या मध्ये पडतं. जनरल रेडिओ विरुद्ध एम. ए. खादर या 1986 च्या भाडेकराराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरणामुळे भाडेहक्क घरमालकाच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीकडे गेले असं धरलं होतं. तुमच्या करारात विलीनीकरणाचा उल्लेख आहे का, ते वेगळं नोंदवा.

‘मात्र’नंतरचं अर्धं वाक्यही तितकंच महत्त्वाचं आहे. पुरवठादार आधी करार समूहातल्या छोट्या कंपनीला देईल, त्याला संमती नको. मग तो ती छोटी कंपनीच विकून टाकेल. दोन्ही पावलं कलमात बसतात आणि करार परक्या हातात जातो. म्हणून ‘हस्तांतरण’ रकान्यात नुसतं ‘संमती लागते’ लिहिणं अपुरं आहे. शेजारी अपवाद जसाच्या तसा उतरवा.

कलमं शोधताना मथळ्यांवर विसंबू नका. नियंत्रणबदल बऱ्याचदा हस्तांतरणाच्या कलमाच्या शेपटीला असतो, “नियंत्रणात बदल झाल्यास ते हस्तांतरण समजले जाईल” अशा वाक्यात. कधी तो करार संपवण्याच्या कारणांत असतो, कधी फक्त व्याख्यांत. इंग्रजी करारात `change of control` एवढंच शोधलंत तर `shareholding`, `merger`, `deemed` असलेली वाक्यं निसटतील. पोटकंत्राटाची अट तर गुणवत्तेच्या परिशिष्टात किंवा परचेस ऑर्डरच्या मागच्या बारीक अक्षरांतही सापडते. आपल्याकडे पुरवठादार “प्लेटिंग बाहेरून करून घेतो” किंवा “जॉबवर्कला देतो” म्हणतो आणि ते पोटकंत्राट आहे असं त्याच्या मनातही नसतं. त्यामुळे कलम सापडल्यावर, बाहेर काय जातं हेही त्याला विचारा.

करार गप्प असेल तर तिन्ही रकान्यांत त्या मौनाचा अर्थ वेगळा होतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 40 नुसार, काम त्याच व्यक्तीने करावं असा हेतू नसेल तर ते दुसऱ्या सक्षम माणसाकडून करून घेता येतं. म्हणजे पोटकंत्राटाला बहुधा मोकळीक. हस्तांतरणात, व्यक्तिगत स्वरूपाचे नसलेले हक्क देता येतात, पण जबाबदारी समोरच्याच्या संमतीशिवाय झटकता येत नाही. नियंत्रणबदलाला मात्र काहीच अडसर नाही, आणि तुम्हाला कळवण्याचं बंधनही करारातून येत नाही. म्हणून रिकामी चौकट ठेवू नका. ‘कलम नाही’ आणि ‘अजून पाहिलं नाही’ अशा दोन वेगळ्या नोंदी करा, आणि नंतरची दुरुस्तीपत्रं वाचून झाल्याशिवाय पहिली नोंद लिहू नका.