दिवाळी अंकाच्या संपादकांना लिहिताना मायना कोणता घ्यावा?

पहिल्या मेलमध्ये ‘मा. संपादक, सप्रेम नमस्कार’ एवढं पुरे. नाव माहीत असेल तर आडनावासह पूर्ण लिहा. संपादक बाई असतील तर सवयीने ‘महोदय’ पडतं, ते ‘महोदया’ करा. नाव नीट वाचलंच नाही हे तिथेच उघडं पडतं. ‘मा. श्री. अमुक साहेबजी’ असे मानाचे थरही नकोत, एक पुरतो.

शेवटी ‘कळावे, आपली नम्र’ (पुरुषाने ‘आपला’), खाली पूर्ण नाव, गाव, फोन. ‘आपला विश्वासू’ मात्र अर्ज-तक्रारींच्या पत्रांचा. लेखाखाली तो कचेरीचा वास आणतो.

उत्तर आलं की त्यांची सही बघा. त्यांनी ‘सस्नेह, मीनल’ लिहिलं तर तुम्ही ‘मीनलताई, नमस्कार’वर येऊ शकता. ‘अगं मीनल’वर नाही, ती मुभा त्यांनीच द्यायची. शेवटाला आता ‘सस्नेह’ आणि नुसतं नाव चालतं. ‘लोभ आहेच, तो वाढावा’ हेसुद्धा इथेच शोभतं. अनोळखी माणसाला आधीच लोभ कुठून असणार? पहिल्या पत्रात फार तर ‘लोभ असावा’.

मुद्रितशोधनाच्या दिवशी चार मेल झाले, तर दुसऱ्यापासून मायना गाळून थेट ‘पान ३, दुसरी ओळ’ लिहा.